फोनवर नंबर, रेट, तारीख पुन्हा पुन्हा चुकतेय? परत वाचून दाखवायची पद्धत बदलून बघा

आमचं गोव्यात डिचोलीला लाइट आणि साउंड भाड्याने द्यायचं काम आहे, गावोगावच्या उत्सवातली नाटकं, जत्रा, भजनी सप्ताह वगैरे. ऑर्डर जवळजवळ सगळी फोनवर येते. समोरचा कधी मराठीत बोलतो, कधी कोंकणीत, साउंडवाला पोरगा हिंदीत, आणि हॉटेलवाले इंग्लिशमध्ये, त्यामुळे आकड्यांचा गोंधळ हा सीझनमधला रोजचा विषय. ज्यांची कामं अशीच फोनवर चालतात (केटरिंग, मांडव, टेम्पो, होमस्टे) त्यांच्यासाठी लिहितोय, कारण सगळ्यांची तक्रार एकच असते की "आम्ही नंबर परत वाचून दाखवतो, समोरचा हो म्हणतो, तरी चुकीचा निघतो".

माझं म्हणणं एवढंच की नंबर ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत परत वाचला तर ते कन्फर्म केल्यासारखं होतच नाही.

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघा. वहीत नऊच आकडे दिसत असतील तर काहीतरी गळलंय, अकरा असतील तर एखादा दोनदा लिहिला गेलाय किंवा सुरुवातीचं शून्य आत आलंय. हे मोजलं की लगेच कळतं. पण आकडे बरोबर दहा आहेत आणि तरी फोन भलत्यालाच लागतो ही खरी त्रास देणारी चूक, कारण ती वहीकडे बघून कळत नाही. आधार नंबरमध्ये किंवा बँकेच्या कार्डावर शेवटचा आकडा हा आधीच्या सगळ्या आकड्यांवरून हिशेब करून काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला की मशीनला लगेच कळतं. मोबाइल नंबरात तसलं काहीही नाही. एक आकडा बदलला की तो दुसऱ्या कोणाचा तरी चालू नंबर असू शकतो आणि तुमचा मेसेज निवांत तिकडे जाऊन पडतो.

आता एक नंबर घेऊन बघू. भारतात मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणून मुद्दाम ५ ने सुरू होणारा घेतो म्हणजे तो कोणाचाच असणार नाही: ५८७६९ ४६०७७.

फोन घेणारी माझी भाची आहे, इंग्लिश मिडियमची, आणि पलीकडे उत्सव समितीतले एक वयस्कर काका आहेत असं धरा. काका आपल्या सवयीने जोड्या करून सांगणार, "अठ्ठावन्न शहात्तर चौऱ्याण्णव साठ सत्याहत्तर". एका दमात. तिने लिहिलं ५८ ७६ ८४ ७ ७७. मोजले तर नऊ. ती म्हणाली "काका, एक आकडा कमी पडतोय". काकांनी परत तेच सांगितलं, जरा सावकाश. आता तिला साठ नीट ऐकू आलं, सात होतं तिथे ६० झालं, दहा आकडे भरले, आणि तिने वाचून दाखवलं, "अठ्ठावन्न शहात्तर चौऱ्याऐंशी साठ सत्याहत्तर, बरोबर ना?" काका म्हणाले "हां हां बरोबर".

ही जागा नीट बघा. तिने चौऱ्याऐंशी म्हटलं आणि काकांनी चौऱ्याण्णव ऐकलं, कारण आपला नंबर त्यांना पाठ आहे आणि पाठ असलेली गोष्ट कोणी त्याच चालीत म्हणून दाखवली की कान पुढचा शब्द स्वतःच भरून टाकतो. काका निष्काळजी नाहीत, तीही नाही. पद्धतच अशी आहे की चूक तिच्यातून आरामात निसटते.

आता तेच असं करून बघा. जोड्या काकांच्याच ठेवायच्या, पण शब्द बदलायचे. "पाच आठ... सात सहा... आठ चार..." इथेच काका थांबवतात, "आठ नाय गो बाय, नऊ! नऊ चार". कारण चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव फोनवर भाऊ-भाऊ वाटतात, पण "आठ चार" आणि "नऊ चार" मध्ये तेवढा सारखेपणा नाही. म्हणजे ज्याने जोड्यांत सांगितलं त्याला सुट्या आकड्यांत वाचून दाखवायचं, आणि ज्याने सुटे आकडे सांगितले त्याला जोड्यांत. उलटं करायचं, बस.

हे उलटं करणं का लागतं त्याचं कारण दोन्ही प्रकारांची कमजोरी वेगळ्या ठिकाणी आहे. जोड्यांत सांगितलं की आपल्या मराठी संख्या एकमेकींच्या अंगावर येतात: त्र्याहत्तर त्र्याऐंशी त्र्याण्णव, पंचाहत्तर पंच्याऐंशी पंच्याण्णव, शहात्तर शहाऐंशी शहाण्णव. यात वेगळेपणा सगळा शेपटीत असतो आणि आपण बोलताना नेमकी शेपूटच गिळतो. त्यात एकोण-वाल्या संख्यांचा वेगळाच ताप आहे. इंग्लिश मिडियमच्या पोरांना एकोणसत्तर ऐकलं की "सत्तर" तेवढा ऐकू येतो, हात आधी ७ लिहून मोकळा होतो आणि मग नऊ जोडून ७९ होतात. एकोणपन्नासचे ५९ होतात, एकोणसाठचे ६९. हे इतकं ठरलेलं आहे की वहीतला चुकीचा नंबर शोधायचा असेल तर मी आधी ९ ने संपणारी जोडी शोधतो आणि तिच्यातून दहा कमी करून फोन लावून बघतो, बऱ्याचदा लागतो.

सुट्या आकड्यांत हा गोंधळ नाही, पण तिथे सात आणि आठ. हे मात्र पूर्णपणे आपल्या कानाचा दोष नाही, फोनच्या लाइनीचापण आहे. साध्या कॉलमध्ये आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि "स" चा जो सूसू आवाज असतो त्याचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो कापला जातो. सातमधला स गेला की राहतं काय, "आत". त्याच्या शेजारी "आठ" ठेवून बघा. साठचंही तेच. कोंकणीत सहाला नुसतं "स" म्हणतात, ते तर एवढं छोटं की खराब लाइनीवर ते आलंच नाही असं वाटतं आणि आकडा गळतो. दोन्ही बाजूला एचडी व्हॉइस चालू असेल तेव्हा पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि स स्वच्छ ऐकू येतो, पण सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावात टॉवर गेला आणि फोन २जी वर पडला की परत तेच. म्हणून आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा झाला तर त्या क्षणापासून सात-आठ-साठवर विश्वास ठेवायचा नाही.

विमानवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. मोपाचा विमानतळ असो की दाबोळीचा, पायलट आणि कंट्रोल टॉवर रेडिओवर इंग्लिशमधला नऊ "नायनर" असा म्हणतात कारण नाइन आणि फाइव्ह खरखरीत सारखे ऐकू येतात, आणि टॉवरने दिलेली उंची किंवा परवानगी पायलटने परत वाचून दाखवणं तिथे सक्तीचं आहे. आपल्याकडे सातसाठी असा ठरलेला शब्द नाही, पण लोकांनी स्वतःच एक युक्ती काढलीय ती चांगली आहे: "सात, पाच सहा सात मधला सात". मोजत मोजत त्या आकड्यापर्यंत जायचं. आठ असेल तर "सहा सात आठ, आठ". ही सगळ्या आकड्यांना लावत बसू नका, समोरचा कंटाळतो आणि मोजलेले आकडेच नंबरात लिहून टाकतो. फक्त सात-आठला, आणि शंका असेल तिथेच.

अजून एक, डबल आणि ट्रिपल. मी आमच्याकडे ते बंदच करून टाकलंय. समजा नंबरात ओळीने तीन सात आहेत आणि जोडी तोडताना एक सात आधीच्या जोडीत गेला, तर माणूस म्हणतो "सेव्हन, डबल सेव्हन". ऐकणाऱ्याला वाटतं आधी सेव्हन म्हणाला आणि मग सुधारून डबल सेव्हन केलं, म्हणून तो दोनच सात लिहितो. आणि "झिरो डबल थ्री" म्हटलं की काही जण ०२३ लिहितात, डबलला टू समजून, हेही बघितलंय. त्यापेक्षा सरळ "सात सात सात" म्हणा आणि मग विचारा "किती सात झाले?" शून्याला मात्र झिरो म्हटलेलं सगळ्यांना कळतं, फक्त इंग्लिश बोलणाऱ्यांचा "ओ" नको, तो "हो" सारखा ऐकू येतो आणि माणूस पुढे बोलायला लागतो.

सांगणारे तुम्ही असाल तर सुरुवातीलाच सांगून टाका की दोन-दोन आकडे सांगतोय, आणि प्रत्येक जोडीनंतर "हां" येईपर्यंत थांबा. हे थांबणं ऐकणाऱ्याच्या हाताच्या वेगाचं पाहिजे, तुमच्या जिभेच्या नाही. तो मोबाइलवर एका हाताने टाइप करत असेल तर अजून सावकाश. पाच-पाचचे दोन गट लिहायला आणि वाचायला मस्त आहेत, बोर्डावर, व्हिजिटिंग कार्डावर तसेच छापावेत, पण बोलताना पाच आकडे एकदम दिले की चौथ्यापाशी ऐकणारा पहिल्याचं लिहीत असतो. तीन-तीन-चार चालतं. चारच्या वर एका दमात नको. आणि मधेच चुकलात तर "नाही नाही" म्हणून पुढे जाऊ नका, त्या जोडीच्या आधीपासून परत सुरू करा, कारण "नाही नाही" कुठल्या आकड्याला होतं ते पलीकडे कळत नाही.

एक मर्यादा सांगतो. मी मधे असंही करून बघितलं की परत वाचताना जोड्याही वेगळ्या पाडायच्या, म्हणजे काकांच्या ५८ ७६ ९४ चं "पाचशे सत्याऐंशी, सहाशे चौऱ्याण्णव" असं काहीतरी. वाटलं होतं की चाल पूर्ण तुटली तर माणूस जास्त लक्ष देऊन ऐकेल. उलटंच होतं, लोकांना स्वतःचाच नंबर ओळखू येत नाही, ते गोंधळतात आणि सुटका करून घ्यायला हो म्हणतात. म्हणून तोडायच्या जागा त्यांच्याच, शब्द आपले.

आणि हे सगळं करूनही मोबाइल नंबराची शेवटची परीक्षा एकच, फोन चालू असतानाच सांगायचं "मी मिस्ड कॉल देते, शेवटचे दोन आकडे कुठले दिसतात सांगा". आलेल्या नंबरवरूनच तो बोलत असेल तर विचारायचीच गरज नाही, पण काका बऱ्याचदा मुलाचा नाहीतर खजिनदाराचा नंबर देतात, तिथे हे लागतं. लँडलाइन असेल तर गोव्यात ०८३२ आणि पुढे सात आकडे. जुनी माणसं नुसते सातच सांगतात आणि नवी पोरं ते मोबाइलवरून तसेच लावत बसतात. पैसे पाठवायला नंबर घेतला असेल तर यूपीआयच्या स्क्रीनवर जे नाव येतं ते मोठ्याने वाचायचं, समोरच्याने "हो, ते खजिनदाराचं" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे नाव म्हणजे तुम्हाला फुकटात मिळालेली तपासणी आहे.

तपासणीचंच बोलायचं तर रेटमध्ये ती आपोआप असते, फक्त लोक वापरत नाहीत. रेट, नग आणि टोटल तिन्ही बोलायचे. "पावणेतीनशे" म्हटलं की आमच्या पिढीला २७५ लगेच कळतात, पण हिंदी बोलणारा किंवा तरुण पोरगा पावणे आणि सव्वा यांची अदलाबदल करतो आणि ३२५ धरून बसतो. फोनवर दोघांनी हो म्हटलेलं असतं, भांडण बिलाच्या दिवशी. म्हणून असं सांगायचं: "एका लाइटीचे पावणेतीनशे, म्हणजे दोनशे पंच्याहत्तर, दोन सात पाच. बारा लाइटीचे तीन हजार तीनशे, एका रात्रीचे". त्याच्या डोक्यात ३२५ असतील तर त्याची टोटल तीन हजार नऊशे येते आणि तो तिथेच अडखळतो. सहाशेचा फरक कानाला लगेच लागतो, पावणे आणि सव्वाचा लागत नाही. "साडेतीन" असं नुसतं कधीच सोडू नका, साडेतीनशे की साडेतीन हजार ते शेवटपर्यंत बोला, साउंड सिस्टीमच्या भाड्यात दोन्ही आकडे खरे वाटू शकतात. इंग्लिशमध्ये बोलत असाल तर थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी हे कायमचे गिऱ्हाईक आहेत, तिथेही तेच उलटं करा, "वन फाइव्ह" किंवा "फाइव्ह झिरो".

तारखेला वार ही तपासणी. आणि ती फार चांगली चालते, कारण फोनवर जे आकडे एकमेकांसारखे ऐकू येतात ते सहसा एका वारावर पडत नाहीत. थर्टीन आणि थर्टी घ्या. १३ नोव्हेंबर २०२६ ला शुक्रवार आहे, ३० नोव्हेंबरला सोमवार. एकोणीस आणि एकोणतीस दहा दिवस लांब, पाच आणि पंचवीस वीस दिवस लांब, म्हणजे वार वेगळाच येणार. जून आणि जुलैची गल्लत झाली तरी वार दोन दिवसांनी सरकतो. फक्त वार समोरच्याकडून काढून घ्यायचा. आपणच "तेरा तारीख शुक्रवार ना?" विचारलं तर तो हो म्हणून मोकळा होतो. "तेरा तारखेला वार कुठला येतो हो काका?" असं विचारलं की त्याला कॅलेंडर बघावंच लागतं, आणि तीस तारीख डोक्यात असलेला माणूस सोमवार म्हणतो. महिना नावाने बोला, "पाच अकरा" असं नको, परदेशी पाहुण्याला तो मे महिना वाटू शकतो. परवा, पुढचा बुधवार, येता बुधवार हे शब्द ऑर्डरच्या वहीत येऊच देऊ नका, परवा तर मागचाही असतो आणि पुढचाही.

आमच्या धंद्यात याच्यावर अजून एक थर आहे तो तिथीचा. शिरगावची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, तसे प्रत्येक देवळाचे उत्सव तिथीवर, त्यामुळे फोन येतो तो "पंचमीला पाहिजे", "त्रयोदशीला नाटक आहे" असाच. पंचमी खराब लाइनीवर "पाच" होते आणि कोणीतरी पाच तारीख लिहून ठेवतं. तिथी सांगितली की ती तशीच लिहा, तिच्यासमोर तारीख आणि वार समितीच्या माणसाकडून पंचांग किंवा देवळाची पत्रिका बघून घ्या, स्वतः मोबाइलवर शोधून भरू नका, कारण तिथी दोन तारखांवर पसरलेली असते आणि देवळाने उत्सव कुठल्या दिवशी धरलाय ते देवळालाच माहीत.

आणि रात्र. उत्सवातलं नाटक रात्री उशिरा उभं राहतं, कधी बारा वाजून जातात, मग "तेरा तारखेचं नाटक" म्हणजे तेराची संध्याकाळ की बाराची रात्र उलटून लागलेली तेरा? याला घड्याळाची वेळ सांगून उपयोग नाही, "रात्री बारा" हाच शब्द दोन्हीकडे बसतो. आम्ही गाडीवरून विचारतो: "शुक्रवारी उजेड असताना आमची गाडी देवळात येणार आणि शनिवारी सकाळी सामान काढणार, असंच ना?" यात चुकायला जागाच राहत नाही, कारण उजेड आणि सकाळ यावर दोघांचं एकमत असतं.

फोन ठेवल्यावर मेसेज टाका हे सगळेच सांगतात, टाकाच, नंबर पाच-पाच तोडून, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, तारीख महिन्याच्या नावासकट. पण रिप्लायमध्ये नुसता अंगठा किंवा ओके घेऊ नका, तो न वाचताही येतो. खाली एक ओळ टाका, "कार्यक्रमाचा वार लिहून पाठवा", आणि वार येईपर्यंत ती ऑर्डर वहीत पेन्सिलीनेच राहू दे.